आप्पांच्या हातची वेणी

आप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सांगलीत ऑफिसला निघायच्या घाईत होते. शेजारच्या काकूंनी कळवलं, "तुझे आप्पा सकाळी चहा पिऊन जरा आडवे झाले, ते उठलेच नाहीत." त्यावर मी काय बोलले ते आता आठवत नाही. कोरेगावला पोचेपर्यंत डोक्यात एकच विचार घोळत होता, आता आईचं कोण करणार? माणूस गेल्याचं दुःख करायच्या आधी अशी व्यवस्थेची काळजी लागते, याचा मला स्वतःचाच राग आला. त्याला महिना उलटून गेला. कामावर रुजू झाले, लोक भेटून गेले, आणि अंगात एक शिणवटा भरलाय तो काही उतरत नाही…

मी दुसरीत होते तेव्हा आईला लकवा झाला. साताऱ्याच्या दवाखान्यातून घरी आणली तेव्हा तिची उजवी बाजू गेली होती आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. आप्पा कारखान्यावर रात्रपाळीचे वॉचमन. सकाळी तांबारलेल्या डोळ्यांनी घरी यायचे, आईचं आवरायचे, चूल पेटवायचे आणि मग माझ्याकडे बघून हताश व्हायचे. कारण माझे केस कमरेपर्यंत होते. आईने ते जन्मापासून जपलेले, रोज सकाळी ती स्वतः विंचरायची. शाळेत दोन वेण्या वर बांधून लाल रिबिनी लागायच्या, नाहीतर बाई वर्गाबाहेर उभं करायच्या.

फलटणची आत्या मदतीला आली होती. ती स्वभावाने वाईट नव्हती, पण तिच्या घरी ऊसतोड सुरू व्हायची होती आणि सोमवारी तिला परत जायचं होतं. जाण्याआधी पोरीचे केस कानापर्यंत कापून टाकते, असं तिने जाहीर केलं. उवा होतील, आजारी बाईच्या घरात हा पसारा कोण बघणार, हे तिचं म्हणणं चुकीचंही नव्हतं. तिने कात्री काढली तशी खाटेवरची आई रडायला लागली. आवाज नाही, नुसतं पाणी. आप्पांनी तिच्याकडे पाहिलं आणि आत्याच्या हातातली कात्री घेतली.

"कातरत्यात ती मेंढरं, आक्का. पोरीला न्हवं."

आत्या म्हणाली, मग सोमवारपर्यंत तू घालून दाखव, नाहीतर मी जाताना कापूनच जाणार. आप्पा हो म्हणून बसले. वेणी कशाशी खातात हे त्यांना माहीत नव्हतं.

पहिल्या दिवशी त्यांनी थंडीने गोठलेलं खोबरेल बोटाने कोरून तसंच माझ्या टाळूवर थापलं. मग कंगवा वरून जो ओढला तो मध्ये गुंत्यात अडकला, आणि मी किंचाळले. वेणीला त्यांनी केसांचे चार पेड केले. आप्पांचं लहानपण माणदेशात मेंढरांमागं गेलेलं. गोफणीचा दोर चार पदरांचा वळायचा, तीच त्यांच्या हाताची सवय. दोन वेण्या झाल्या खऱ्या, पण काठीसारख्या टणक, आणि इतक्या आवळलेल्या की माझ्या भुवया वर चढल्या होत्या. शाळेत दुपारपर्यंत डोकं ठणकलं. संध्याकाळी त्या सुटेनात. आप्पा एकेक पदर सोडवत बसले आणि मी रडत बसले. मला वाटलं, आता सोमवारी केस जाणार. त्या वयात मला आई बरी होणं आणि केस राहणं ही एकच गोष्ट वाटत होती.

रविवारी सकाळी आप्पा पुन्हा कंगवा घेऊन बसले तेव्हा आईने डाव्या हाताने खाटेची कड बडवली. ते मला घेऊन तिच्याजवळ गेले. तिने तेलाच्या बाटलीकडे बोट केलं, मग चुलीवरच्या पाण्याकडे. आप्पांनी बाटली गरम पाण्यात ठेवली. तेल पातळ झालं तसं तिने आपली बोटं त्यात बुडवून माझ्या भांगातून फिरवली, नखं न लावता, नुसत्या बोटांच्या टोकांनी. कंगवा वरून लावू दिला नाही. माझे केस तिने मध्यावर मुठीत घट्ट धरले आणि मुठीखालचे विंचरायला खूण केली. टोकाकडून सुरुवात, गुंता सुटला की मूठ जरा वर. मुठीमुळे ओढ टाळूपर्यंत पोचतच नव्हती. आप्पा म्हणाले, "आयला, हे आमाला कुणी सांगितलंच न्हाई."

कपाळापासून मानेपर्यंत सरळ भांग पाडायला त्यांना बराच वेळ लागला. नंतर एका बाजूचे तीन पेड झाले. उजवा पेड आईने धरला, बाकीचे दोन आप्पांनी. तिने आपला पेड मधल्यावरून आत आणला आणि त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांनी डावा मधल्यावरून आणला. असा एक तिचा, एक त्यांचा… शेवटाकडे रिबीन गुंफली, वेणी वर दुमडली आणि कानामागं बांधली. दुसरी वेणी आप्पांनी एकट्याने घातली. ती थोडी वाकडी होती. आत्याने मान तिरकी करून दोन्ही बघितल्या, कात्री पिशवीत टाकली आणि सोमवारी सकाळच्या गाडीने निघून गेली.

पुढं दहावीपर्यंत आप्पांनीच माझ्या वेण्या घातल्या. रात्रपाळीवरून आल्यावर कधी कधी वेणी घालता घालता त्यांचा डोळा लागायचा, पण हातातले पेड सुटायचे नाहीत. मी मोठी झाले, शिकले, सांगलीला नोकरीला लागले. आई थोडं थोडं बोलायला लागली, पण उजवा हात आला नाही. मग माझ्यानंतर आप्पा रोज तिची वेणी घालू लागले. मी सुट्टीत आले की म्हणायची, मी घालते आज. तर म्हणायचे, तू बस, दमली असशील.

दहाव्याला बायका आईला न्हाऊ घालायला आल्या तेव्हा तिने वेणीला हात लावू दिला नाही. आप्पा गेले त्या सकाळी चहाआधी त्यांनीच घातलेली होती ती. बायकांनी समजावलं, कुणी रागावलंही. आई एवढंच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या." मी त्यांना बाहेर पाठवलं आणि तिचं अंग तेवढं पुसून काढलं. त्यावर लोक बोलले ते बोलले.

आईचं सध्या शेजारच्या काकू बघतात. गेल्या रविवारी मी गेले तेव्हा वेणी पार सैल झाली होती, टाळूला खाज सुटली होती. आईने आपण होऊन माझ्याकडे पाठ केली. "सोड," म्हणाली. मी शेंड्यापासून सोडवायला लागले. अर्ध्यावर आले आणि बोटांना काही वेगळंच लागलं. काळी लोकर. मेंढीच्या काळ्या लोकरीचा हातानं कातलेला मऊ धागा, पेडांमध्ये असा बेमालूम मिसळलेला की वरून समजू नये. तो काढला तेव्हा कळलं, आईचे केस जेमतेम करंगळीएवढ्या जाडीचे उरलेत. तिला ते कळू नये म्हणून तो माणूस किती वर्षं ही लोकर घालत होता कोण जाणे. मला रडू आलं, पण आवाज केला नाही. लोकर गुपचूप मांडीखाली सरकवली आणि केसांना तेल लावून नुसत्याच तीन पेडांची बारीक वेणी घालायला घेतली.

आईने न वळता डावा हात मागं केला.

"लोकर बी घाल," ती म्हणाली. "त्यास्नी वाटायचं, मला म्हाईत न्हाई."