गनीम, मावळे आणि हराळी

आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलण्याचा भारी शौक होता. लोणावळ्याच्या बाजाराच्या दिवशी आसपासच्या वाड्यांमधून क्षयाचे पेशंट महिन्याच्या गोळ्या न्यायला यायचे, तेव्हा डॉक्टर व्हरांड्यात खुर्ची टाकून त्यांना रोग समजावून सांगत. समजावून सांगत म्हणजे स्वतःचा आवाज ऐकत. मी तिथली आरोग्य सेविका. गोळ्या वाटणं, थुंकीच्या डब्या गोळा करणं आणि जो यायचा थांबला त्याच्या घरी चालत जाणं, हे माझं काम. साठच्या दशकातली ही गोष्ट. तेव्हा हा रोग घरी राहून गोळ्यांनी बरा होतो, यावर शिकलेल्यांचाही धड विश्वास बसत नव्हता.

डॉक्टरांचा एक ठरलेला दाखला होता. फुफ्फुस म्हणजे किल्ला, जंतू म्हणजे गनीम, गोळ्या म्हणजे आपले मावळे. मावळातल्या माणसांना मावळ्यांचीच उपमा दिली, यावर ते स्वतःच इतके खूश असत की हात उंचावून म्हणत, "मावळे तुटून पडले, गनीम पळाला, किल्ला आपला!" मग घड्याळाकडे बघत शेवटी एकदा पुटपुटत, "गोळ्या दीड वर्ष घ्यायच्या. समजलं का?"

"व्हय, सायेब," सगळे एका सुरात म्हणत.

त्या 'व्हय'चा अर्थ डॉक्टरांनी कधी लावला नाही. मी लावला होता. त्याचा अर्थ एवढाच की, सायेब, आता सोडा, परत डोंगर चढायचाय. साहेब बोलला की नंदीबैलासारखी मान हलवायची आणि सुटका करून घ्यायची, हे आमच्या वाड्यावस्त्यांवर लहानपणीच शिकवतात. फॉरेस्टवाल्याला व्हय, तलाठ्याला व्हय, डॉक्टरला व्हय. मला त्या व्हयचाही राग यायचा, पण विचारणाऱ्याचा जास्त यायचा.

त्या वर्षी लोहगडच्या पायथ्याच्या वाडीतली एक सून गोळ्यांवर होती. विशीतली, कडेवर वर्षाचं पोर. आली तेव्हा खोकल्याबरोबर रक्त पडत होतं आणि खांद्याची हाडं लुगड्यातून दिसत होती. तीन महिन्यांत खोकला थांबला, गालांवर मांस आलं. डॉक्टरांनी तिला उभं करून सगळ्यांना दाखवलं, जत्रेत बैल दाखवावा तसं. त्यानंतरच्या महिन्यात ती आलीच नाही.

"अडाणी लोक," डॉक्टर म्हणाले. "पालथ्या घड्यावर पाणी." एवढं बोलून त्यांनी चहा मागवला.

मी मळवलीला गाडीतून उतरून, भाजे गावावरून चढून वर गेले. आषाढाचा पाऊस चालू होता. सून खाचरात वाकून लावणी करत होती आणि मधेच थांबून खोकत होती. तो खोकला मी बांधावरूनच ओळखला. सासू इरल्याखालून वर बघून हसली आणि म्हणाली, "या बाई. पोरगी बरी हाय आता."

"मावशी, गोळ्या?"

"हायेत की. डब्यात ठेवल्यात."

"खात का नाही ती?"

म्हातारीने माझ्याकडे असं पाहिलं, की एवढी शिकलेली बाई आणि एवढंही कळत नाही. "गनीम गेला न्हवं? सायेबच म्हनलं. लढाई झाली की मावळं लावनीला घरी येत्यात, बाई. कामाबिगर त्येस्नी गडावर कोन पोसतंय? पुना गनीम आला तर डब्यात हायेतच की ते."

म्हातारीने दाखला शब्दन्‌शब्द ऐकला होता आणि त्यातून जे निघतं तेच केलं होतं. लढाई संपल्यावर दीड वर्ष सैन्य का ठेवायचं, याचं उत्तर त्या दाखल्यात नव्हतंच. घडा पालथा नव्हता. पाणी ओतणाऱ्यालाच आपण काय ओततोय ते ठाऊक नव्हतं.

बांधावर हराळी माजली होती. मी ती धरून दाखवली. "मावशी, ही विळ्याने कापली तर?"

"दुप्पट यील."

"का?"

"मुळी खाली जित्ती ऱ्हाती."

"मग हिचा खोकला म्हणजे हे वरचं पातं. गोळ्यांनी पातं गेलं, तुम्हाला वाटलं रान साफ झालं. मुळी छातीत आहे. गोळ्या थांबल्या की ती फुटते. बघा, खोकतेय." सून कंबर धरून उभी होती, ऐकत होती. मला वाटलं, जिंकले. पण मी डॉक्टर नव्हते, म्हणून 'समजलं का' असं विचारलं नाही. म्हटलं, "मावशी, आता तुम्ही मला सांगा, उद्यापासून काय करणार?"

"मुळी खांदायची."

"म्हणजे कसं?"

"हराळी रोज रोज थोडी खांदत्यात व्हय? एकदाच दाबून खांदायची. डब्यातल्या समद्या गोळ्या आज रातच्याला देते हिला."

एवढ्या गोळ्या एका वेळी पोटात गेल्या असत्या तर सकाळी तिरडीच बांधायची होती. आणि मी 'व्हय' ऐकून खाली उतरले असते, तर ती माझ्या त्या नामी दाखल्यानेच मेली असती.

"नाही, नाही! मावशी, रान खणलं की संपतं का सगळं?"

म्हातारी विचारात पडली. "तुकडं ऱ्हात्यात. त्ये येचावं लागत्यात. येक ऱ्हायला तरी फुटतो."

"एका दिवसात वेचून होतात?"

"छ्या! दिसलं की येचायचं, रोज."

"तसंच हे. रोजच्या गोळ्या रोजच. जास्त दिल्या तर रानच जळेल, पोरगी जाईल. एक दिवस चुकवल्या तर तुकडा फुटेल. आता सुनेला तुम्ही सांगा, मी ऐकते."

तिने सांगितलं. मग मी सुनेला सांगायला लावलं. मग शेजारणीला बोलावून, सुनेने तिला सांगितलं. तिसऱ्या वेळी बरोबर आलं, तेव्हा मी डोंगर उतरले.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांना हराळी गावठी वाटली. किल्ल्याला कसा भारदस्तपणा आहे, म्हणाले. मी वाडीवरून आणलेल्या सुनेच्या थुंकीत जंतू पुन्हा सापडले होते, त्यामुळे दीड वर्ष पहिल्यापासून मोजायचं ठरलं. किल्ला चालूच राहिला, मावळे दर बाजाराला तुटून पडत राहिले, व्हरांडा व्हय म्हणत राहिला. मी मात्र गोळ्या देताना एकेकाकडून वदवून घ्यायचे. रांग लांबते म्हणून डॉक्टर चिडायचे.

दीड वर्षाने सून शेवटच्या तपासणीला आली. डॉक्टर खुर्चीतून म्हणाले, "बरी झालीस. गोळ्या बंद. समजलं का?"

"न्हाई," ती म्हणाली.

डॉक्टरांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"मुळी ऱ्हायली न्हाई, ह्ये कशावरनं?" तिने विचारलं.

डॉक्टरांनी हात उंचावला आणि किल्ल्यापासून सुरुवात केली. ती त्यांचं पुरतं ऐकून न घेता माझ्याकडे वळली. मी सांगितलं, तुझी थुंकी कितीतरी महिने साफ आहे, छातीचा फोटोही साफ आहे. तरी एखादा तुकडा राहिलाच असेल तर खोकला परत येईल. दोन आठवडे राहिला, की थेट इथे यायचं, लावणी असो नाहीतर लग्न. न विचारता तिने ते मला परत म्हणून दाखवलं, पोराला उचललं आणि गेली.

"तुम्ही या लोकांना बिघडवताय," डॉक्टर मला म्हणाले.

त्या व्हरांड्यात मी ऐकलेला तो पहिला 'न्हाई'. तो म्हणणारी अजून जिवंत आहे. व्हय म्हणणाऱ्यांपैकी किती राहिले, हे डॉक्टरांनी कधी विचारलं नाही.