अण्णांच्या तिकिटाचा ओटीपी

आमच्या अण्णांना कॅनडातून पळून यायचं होतं. त्यांना तिथं कोणी डांबून ठेवलं नव्हतं. ताई, म्हणजे माझी मोठी बहीण, आणि दाजी त्यांना तळहातावरच्या फोडासारखं जपत होते, आणि खरी अडचण तीच होती. छळणाऱ्या माणसाच्या घरातून उठून जाता येतं. सकाळी उठल्याबरोबर बापाच्या पायात लोकरीचे मोजे चढवणाऱ्या लेकीच्या घरातून कसं निघायचं?

आई गेल्यावर ताईनं हट्टच धरला होता. तुझ्याकडं ते जन्मभर आहेत, थोडे दिवस माझ्याकडं राहू देत. तुझ्याकडं म्हणजे जुळे सोलापुरातल्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. अण्णा कॅनडाला गेले, आणि दिवाळीनंतर परतायचं तिकीट ताईनं परस्पर रद्द करून टाकलं. बर्फ बघितल्याशिवाय कॅनडा बघितला असं होत नाही, असं तिचं म्हणणं. अण्णांनी बर्फ बघितला. पहिल्या दिवशी फोटो पाठवला, दुसऱ्या दिवशी पाठवला नाही, आणि तिसऱ्या दिवशी त्यांना मंगळवेढ्याच्या मित्राचा फोन गेला की यंदा ज्वारी चांगली भरलीय, पुढच्या आठवड्यात हुरडा निघेल.

हा मित्र आणि अण्णा कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये शेजारी शेजारी काम करायचे. त्याच्या रानात हुरडा खायला गेले नाहीत असं अण्णांचं एकही वर्ष नाही. आणि हुरडा काही कुणासाठी थांबत नाही. चार-आठ दिवस दाणा कोवळा असतो, मग त्याची नुसती ज्वारी होते.

अण्णांचा फोन आला तेव्हा मागं घरघर असा आवाज येत होता. मी विचारलं, विमानात बसलात की काय? तर ते तळघरात, कपडे धुवायच्या मशीनजवळ उभे राहून बोलत होते, म्हणजे वर आवाज जाणार नाही. म्हणाले, माझं तिकीट काढ, आणि ताईला इतक्यात बोलू नको.

मी म्हटलं, अहो, सरळ सांगा की तिला, घरी जावंसं वाटतंय म्हणून.

"तसं न्हाय सांगायचं," अण्णा म्हणाले. "तिला वाटंल, आपल्याकडं बापाला करमलं न्हाय. लई करती रं ती माजं."

त्यांचा बेत ठरलेला होता. आधी तिकीट, मग कारण. कारण आधी सांगितलं की ताई त्याच्यावर उपाय काढणार, तिकीट आधी हातात असलं की उपायाला जागाच राहत नाही. जन्म रेल्वेत गेलेला माणूस, तिकिटाचं मोल त्यांना ठाऊक होतं. कारणही त्यांनीच शोधलं होतं: माझ्या पित्ताशयात खडा झालाय आणि ऑपरेशन करायचंय. माझं पित्ताशय ठणठणीत होतं. पण बायकोला ती कल्पना इतकी आवडली की तिनं त्याच संध्याकाळी मला तेलकट बंद केलं, म्हणे खोटं बोलायचं तर नीट बोलावं.

तिकीट काढायला मी लॅपटॉप घेऊन बसलो. आजवर मी एसटीची, रेल्वेची तिकिटं डोळे मिटून काढलीत, विमानाची तेवढी काय मिजास, असं मनात होतं. विमान कंपनीची साइट उघडली. प्रवास टोरांटोहून सुरू होणार म्हणून भाडं कॅनडाच्या डॉलरमध्ये दिसत होतं. अण्णांचं नाव पासपोर्टवर आहे तसं भरलं आणि बायकोचं क्रेडिट कार्ड टाकलं. नकार. बायकोनं बँकेचं ॲप उघडून बघितलं तर त्या कार्डाचा परदेशी व्यवहार मुळात बंद. आम्हाला परदेशात काय विकत घ्यायचं होतं म्हणून तो चालू असणार? तो चालू केला, मर्यादा ठरवली, पुन्हा बसलो.

आता फॉर्म पत्त्यावर अडला. सोलापूरचा पिनकोड त्याला पसंतच पडेना. किती वेळा टाकला तरी लाल रेघ. बायकोनं चष्मा लावून बघितलं तर देशाच्या रकान्यात आपोआप कॅनडा येऊन बसला होता, आणि तिकडच्या पिनकोडात अक्षरंही असतात. पत्ता कार्डवाल्याचा लागतो, प्रवाशाचा नाही. देश बदलला, लाल रेघ गेली. बायकोच्या फोनवर ओटीपी आला, मी टाकला, चक्र फिरायला लागलं. बराच वेळ फिरून फिरून त्यानं कळवलं की व्यवहार पूर्ण होऊ शकला नाही. आणि त्याच क्षणी बायकोच्या फोनवर दुसरा मेसेज आला, की पैसे खर्ची पडले.

तिकीट नाही आणि पैसे गेले, म्हणजे तेलही गेलं, तूपही गेलं. बँकेच्या कस्टमर केअरच्या मुलीनं मात्र धीर दिला. पैसे गेलेले नाहीत, अडकवून ठेवलेत, विमान कंपनीनं घेतले नाहीत तर काही दिवसांत आपोआप सुटतील. प्रवासी एका देशात आणि कार्ड दुसऱ्या देशातलं असलं की त्यांची यंत्रणा कधीकधी संशय घेते, असंही ती म्हणाली. मी म्हटलं, बाई, संशय रास्त आहे, हा बेतच चोरीचा आहे. ती हसली नाही. पैसे सुटेपर्यंत कार्डाची तेवढी मर्यादा मात्र वापरता येणार नव्हती, आणि तेवढी गेल्यावर मागं उरत होती ती भाजीपाल्यापुरती.

माझ्या खात्यातून घराचा हप्ता नुकताच गेला होता, त्यामुळं तिथंही खडखडाट. थांबावं म्हटलं तर इकडं दाणा पक्का होत चाललेला. अण्णांना सांगितलं तेव्हा मशीनच्या घरघरीत ते म्हणाले, माझं कार्ड कपाटात हाय, त्याच्यावर काढ.

हे आधी सुचायला हवं होतं. अण्णांच्या पेन्शनच्या खात्याचं कार्ड, त्यावरून मी त्यांच्यासमोर विजेचं बिल नेहमी भरतो. परदेशी व्यवहार त्याचाही बंद असणार, पण आता मलाही थोडी अक्कल आली होती. आपल्याकडच्या तिकिटं विकणाऱ्या एका साइटवर तेच विमान रुपयांत मिळत होतं. पैसे घेणारी साइट इथली, कार्ड इथलं, म्हणजे व्यवहार देशातल्या देशात. नुसता प्रवासी तेवढा बर्फात.

राहिला ओटीपी. तो अण्णांच्या नंबरवर जाणार. मी विचारलं, तुमचं आपल्याकडचं सिम चालू आहे ना? अण्णांना राग आला. म्हणाले, चालू न्हाय तर रोज तुज्याशी बोलतोय कशावरून? मलाही ते पटलं. त्यांचे फोन, फोटो, सकाळचे सुविचार, सगळं जुन्याच नंबरवरून येत होतं की.

आमच्याकडं संध्याकाळ आणि तिकडं सकाळ असताना मुहूर्त धरला. ताई आणि दाजी कामाला गेलेले. अण्णा हातात फोन धरून तयार. मी कार्डाचा नंबर टाकला, बटण दाबलं आणि म्हटलं, बघा, आला का? अण्णा म्हणाले, न्हाय. पुन्हा पाठवा असं बटण होतं, तेही दाबलं. आता? न्हाय. मी त्यांना फोन उंच धरायला सांगितलं, खिडकीशी जायला सांगितलं. ते बिचारे गेले.

आणि माझ्या फोनवर ताईचा फोन वाजला.

मी अण्णांचा फोन ठेवून तिचा घेतला. ती ऑफिसच्या जिन्यात उभी राहून कुजबुजत होती. म्हणाली, अण्णांच्या खात्यावरून कोणीतरी विमानाचं तिकीट काढतंय, एकामागून एक ओटीपी येतायत, नक्की कोणी चोर आहे, मी बँकेला फोन करून कार्ड बंद करतेय, तू फक्त कार्डाचा नंबर सांग.

तेव्हा उलगडा झाला. अण्णा तिकडं गेल्यावर दाजींनी त्यांच्या फोनमध्ये कॅनडाचं सिम घातलं होतं आणि सोलापूरचं सिम ताईच्या फोनच्या दुसऱ्या कप्प्यात, रोमिंग चालू करून, म्हणजे बँकेचे मेसेज चुकायला नकोत. व्हॉट्सॲपला मात्र सिमची गरज उरली नव्हती, ते जुन्याच नंबरवर वायफायवर चालत राहिलं. आणि आम्ही बापलेक त्यालाच सिम समजून बसलो होतो. म्हणजे ज्या बाईपासून लपवायचं, तिच्याच हातात आम्ही कंपनीच्या नावानिशी, रकमेनिशी सगळा बेत पोचवत होतो.

कार्ड बंद झालं असतं तर हुरडा संपला होता. मी खरं सांगून टाकलं. मंगळवेढा, मित्र, रान, सगळं. पित्ताशयाचंही सांगितलं. मला तिची कीव आली आणि अण्णांचा रागही आला, आणि माझाही.

मग तिनं विचारलं, "मोज्यांचा त्रास होतो का रे त्यांना?"

मी म्हटलं, नाही गं, मोज्यांचं काही नाही.

"मग पाठव ओटीपी परत," ती म्हणाली. "आणि मला कळलंय हे त्यांना सांगू नकोस."

मी पाठवला. तिनं एकेक आकडा सावकाश सांगितला, मी टाकला. चक्र दोनदा फिरलं आणि तिकीट निघालं. अण्णांना मी कळवलं की बायकोच्या कार्डावर जमलं. पेन्शनचं पासबुक भरून आणायला त्यांनी पुढं कितीदा सांगितलं, मी दर वेळी विसरलो.

त्या संध्याकाळी तिकडच्या घरात जे नाटक झालं त्यातला प्रत्येक नट भारी होता. अण्णांनी पडलेल्या चेहऱ्यानं माझ्या खड्याची बातमी सांगितली. ताईनं कपाळाला हात लावला, किती मोठा आहे म्हणून विचारलं. अण्णांनी सांगितला, बोराएवढा. ती म्हणाली, मग तुम्हाला जायलाच पाहिजे. विमानतळावर ती रडली, तेवढं मात्र नाटकातलं नव्हतं.

अण्णा आले आणि तिसऱ्या दिवशी आम्ही रानात होतो. आगटीवर कणसं भाजली जात होती, मित्र ती गरम गरम हातावर मळून दाणे पुढं करत होता, सोबत शेंगाचटणी, गूळ, दही. अण्णा खूश होते. पोरीला पत्ता लागला न्हाय बरं का, असं ते मित्राला सांगत होते, आणि मी खाली मान घालून चटणी खात होतो.

तेवढ्यात ताईचा व्हिडिओ कॉल आला. अण्णांनी मूठ पाठीमागं नेली, तोंडातला घास गालात ढकलला आणि चेहरा दवाखान्यातला केला. म्हणाले, तुज्या भावाला आत नेलंय. त्यांच्या शेजारी बसलेला मी पटकन वाकलो.

ताईनं त्यांच्याकडं नीट बघितलं. त्यांच्या दातांना हिरवे दाणे चिकटले होते, मिशीला राख होती.

"अण्णा," ती म्हणाली, "एक मूठ माझ्या वाटणीची खा."

अण्णांचा घास गालातच राहिला. मागं नेलेली मूठ त्यांनी हळूहळू पुढं आणली, फोनसमोर उघडून तिला दाणे दाखवले, आणि तिच्याकडं बघत बघत सगळे खाल्ले.