सगळं हिरवं असलेली ऑर्डर

आमच्या कंपनीत कॉलेजची मुलं शिकायला येतात, तेव्हा शिकवायचं सोडून त्यांच्याकडून बाकी सगळं करून घेतात. मागच्या वेळचा मुलगा आख्खा हंगाम प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढत होता आणि त्याच्या प्रमाणपत्रावर 'औद्योगिक अनुभव' असं छापून दिलं. म्हणून ही मुलगी गळ्यात ओळखपत्र अडकवून आली, तेव्हा मला तिची कीवच आली. खरेदी विभागात माझ्या टेबलाशेजारचा कोपरा रिकामा होता, तिथे तिची खुर्ची टाकली.

आम्ही बेकऱ्यांसाठी पीठ मळायची मोठी यंत्रं बनवतो. विक्री, खरेदी, कोठार, उत्पादन, तपासणी, हिशेब, हजेरी, सगळं ईआरपी नावाच्या एकाच प्रणालीत चालतं. प्रत्येक विभागाचा एक कप्पा, त्याला मॉड्यूल म्हणायचं, आणि एका कप्प्यात नोंद केली की पुढच्या कप्प्याला ती आपोआप दिसते. ती आणली तेव्हा मोठ्या साहेबांनी भाषण ठोकलं होतं की आता कारखान्यात काही लपून राहणार नाही. भाषण संपल्यावर सगळे लपवायच्या नव्या जागा शोधायला लागले.

मुलीला विक्रीप्रमुखाच्या हवाली केलं होतं. हा गृहस्थ सदान्‌कदा फोनवर, आणि नाकाने कांदे सोलण्यात पटाईत. तिच्या तोंडाकडेही न बघता त्याने पडद्यावरची यादी सरकवली आणि एका बेकरीची ऑर्डर दाखवली. ऑर्डर, डिलिव्हरी, बिल, सगळ्यांसमोर हिरवे ठिपके.

"ही घे. आदर्श ऑर्डर आहे," तो म्हणाला. "विक्रीपासून हिशेबापर्यंत प्रत्येक मॉड्यूलमधून कशी गेली ते काढ. तुझा प्रोजेक्ट झाला."

मला वाटलं, चला, पोरीला गुंतवून ठेवलं. पण पोरगी भलतीच चिवट निघाली. आमच्यासारखी पडद्यावर नोंद बघून गप्प बसेना. नोंद बघायची आणि मग ती वस्तू कुठे आहे ते बघायला उठायचं, अशी तिची रीत. विक्रीप्रमुख तिला 'प्रश्नपत्रिका' म्हणायला लागला.

ऑर्डर घेतली तेव्हा यंत्र शिल्लक नव्हतं, हे प्रणालीनेच तपासलं होतं. मग नियोजनाच्या कप्प्याने हिशेब करून सांगितलं: एक यंत्र बनवा, त्यासाठी बाकी सुटे भाग आहेत, मोटार मात्र विकत घ्या. मोटारीची मागणी माझ्याकडे आली, तिची खरेदी-ऑर्डर मी काढली. आपली नोंद कुणीतरी इतक्या आपुलकीने वाचतंय म्हणून मी पण फुशारले. मोटार आली, कोठारात तिची आवक पडली आणि नियमाप्रमाणे ती 'तपासणीखाली' गेली.

"म्हणजे ताई, तपासणीवाल्यांनी पास केल्याशिवाय ती वापरता येत नाही?" तिने विचारलं.

"प्रणाली वापरू देत नाही," मी म्हणाले.

ती इथपर्यंत आली आणि त्याच आठवड्यात बेकरीवाल्याचा फोन आला. बिल पोहोचलं होतं, यंत्र पोहोचलं नव्हतं. तो काय बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ऑफिसात एकच पळापळ. सगळ्यांनी पडद्यावर बघितलं, आणि पडद्यावर यंत्र कोठारातून बाहेर पडलेलं होतं. गेटपास मात्र सापडेना. झालं! माल गेलाय, पास नाही, म्हणजे चोरी. आणि बाहेर काढल्याची नोंद कुणाच्या नावाने? डिस्पॅचच्या काकांच्या.

हे काका म्हणजे आमच्या कारखान्यात माल गाडीत चढवणारा माणूस. लाकडी पेटीवर एक थाप मारली तरी आतलं यंत्र नीट बांधलंय की नाही ते त्यांना कळतं. संगणकाशी त्यांचा संबंध एवढाच की त्यांच्या नावाचं लॉगिन काढलं होतं आणि त्याचा पासवर्ड डिस्पॅचच्या पडद्याच्या कडेला चिकटपट्टीने लावला होता. ज्याला घाई असेल तो येऊन काकांच्या नावाने नोंद करायचा. सगळ्यांना माहीत होतं, पण त्या दिवशी सगळ्यांनी कानांवर हात ठेवले.

विक्रीप्रमुख शेडमध्ये गेला आणि हमालांच्या, ड्रायव्हरांच्या देखत ओरडला, "यंत्र कुठे विकलं ते सांगा आणि मोकळे व्हा!"

काका म्हणाले, "मी ते यंत्र बघितलंसुद्धा नाही."

"सिस्टिम खोटं बोलते का?"

चौकशी होईपर्यंत काकांना घरी बसवलं. दोन दिवसांनी राहिलेला डबा आणि छत्री न्यायला आले, तेव्हा माझ्यापाशी थांबले. त्यांचा मुलगा दुसऱ्या एका कंपनीत संगणकावरच काम करतो. "तो काल म्हणाला, बाबा, खरं सांगा, काही केलं असेल तर आपण मिटवू," काका म्हणाले. "पोटचा पोरगा असं विचारतो." मला त्यांच्याकडे बघवेना. मुलगी शेजारी बसून ऐकत होती.

त्यानंतर ती उठली आणि ऑर्डर पुन्हा पहिल्यापासून घेऊन बसली. उत्पादनाच्या कप्प्यात यंत्र 'पूर्ण' होतं. कामाचे तास ठरल्या अंदाजाइतकेच, एका मिनिटाचाही फरक नाही. मी म्हणाले, "आमचे लोक वेळेवर चहासुद्धा संपवत नाहीत." ती हसली नाही.

"ताई, यंत्र पूर्ण झालं म्हणून नोंदवलं की त्यात लागलेले भाग कोठारातून आपोआप वजा होतात ना?"

"होतात."

"मग मोटार का वजा झाली नाही?"

मी खुर्ची ओढली. पत्रा, भांडं, गिअर, सगळं वजा झालं होतं, मोटार सोडून. वजा करता न आलेल्या भागांची प्रणालीत एक वेगळी यादी साठते आणि ती रोज कुणीतरी निस्तरायची असते. आमच्याकडे ती उघडायचं कुणाच्या बापाला ठाऊक नव्हतं. पोरीने उघडली. तिथे आमची मोटार लाल होऊन बसली होती आणि पुढे कारण लिहिलेलं: वापरण्याजोगा साठा नाही. मोटार अजून तपासणीखालीच होती.

"मोटारीशिवाय यंत्र पूर्ण कसं झालं?" तिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता तपासणी विभागाकडे चालू लागली. मी मागोमाग. तपासणीवाल्याचं मोजयंत्र दुरुस्तीला गेलं होतं, म्हणून त्याने मोटार फळीवर ठेवून दिली होती. खोक्याची पट्टीसुद्धा फाडलेली नव्हती. खोक्यावर माझ्याच खरेदी-ऑर्डरचा नंबर. तिथून आम्ही जुळणीच्या शेडमध्ये गेलो. कोपऱ्यात प्लास्टिकखाली यंत्राचा सांगाडा उभा होता, मोटारीची जागा रिकामी.

मग मला सगळं उलगडलं, आणि असा संताप आला म्हणून सांगू! आमच्याकडे एक सवय आहे. महिना संपत आला की विक्रीचा आकडा गाठायला जे यंत्र पुढच्या आठवड्यात होणार, ते आजच झालं म्हणून नोंदवायचं, काकांच्या लॉगिनने बाहेर काढायचं आणि बिल फाडायचं. मग पहिल्या आठवड्यात घाईघाईने खरंच बनवून पाठवायचं. याला हे लोक 'मॅनेज करणं' म्हणतात. या खेपेस मोटार अडकली, नियोजनाच्या कप्प्याला ऑर्डर संपलेली दिसत होती म्हणून त्याने पुन्हा आठवण केली नाही, आणि हे शहाणे नव्या महिन्याचा आकडा गाठायला निघून गेले. खापर फोडायला काका होतेच.

प्रोजेक्ट सादर करायच्या दिवशी मोठे साहेब बसले होते. विक्रीप्रमुखाने आधीच तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "उत्पादनाचा भाग थोडक्यात उरक. प्रमाणपत्रावर सही माझी आहे."

ती म्हणाली, "हो सर," आणि पुढे जाऊन एकेक पडदा उघडत गेली. मोटारीच्या लाल ओळीपाशी ती थांबली आणि मग त्या खोक्याचा फोटो दाखवला. "सर, ही ऑर्डर सगळ्या मॉड्यूलमधून गेली," ती म्हणाली. "यंत्र मात्र कुठूनच गेलं नाही. ते अजून बनलेलं नाही. काका काय चोरणार?"

साहेब सांगाडा बघून आले. मग प्रणालीत सगळं उलटं फिरवलं: आधी बिल रद्द, मग माल बाहेर पडल्याची नोंद मागे, मग यंत्र पूर्ण झाल्याची नोंद रद्द. उलट्या नोंदी करायला आमचे लोक फार चपळ. एका दुपारी सगळं साफ. काकांचं काय, तर सगळ्या विभागांना ई-मेल गेला: 'प्रणालीतील तांत्रिक त्रुटीमुळे निर्माण झालेला गैरसमज दूर झाला आहे.' ज्या माणसाला भर शेडमध्ये चोर म्हटलं, त्याला ई-मेल उघडता येत नाही, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. विक्रीप्रमुख त्या दिवशी शेडकडे फिरकलाच नाही.

काका दुसऱ्या दिवशी कामावर आले. मुलगी तो ई-मेल छापून घेऊन गेली, मी मागोमाग, पण ती वाचायला लागली आणि 'तांत्रिक त्रुटी'पाशी तिला पुढे वाचवेना. तिने कागद चुरगळला. "काका, यंत्र बनलंच नव्हतं," ती हमालांना, ड्रायव्हरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "महिन्याचा आकडा दाखवायला साहेबलोकांनी ते तुमच्या नावाने बाहेर काढलं. तुम्ही काही केलं नाही."

काका पेटीवर टेकले. मग खिशातून फोन काढून तिच्यापुढे धरला.

"माझ्या मुलाला सांगशील हे?" ते म्हणाले. "मी सांगितलं होतं. तुझ्या तोंडून त्याला पटेल."

तिने फोन लावला आणि स्पीकरवर सांगितलं. ऑर्डरपासून मोटारीपर्यंत, एकेक कप्पा. पलीकडचा माणूस त्यातलाच होता, त्याला अर्ध्यातच कळलं असणार, कारण त्याने तिला मध्येच थांबवलं. म्हणाला, "बाबांना द्या ना फोन."

तिने फोन पुढे केला. काकांनी घेतला नाही.

"गाडी भरायची आहे म्हणावं," ते म्हणाले आणि उठून पेट्यांकडे गेले.