दाराबाहेरचं बाकडं

चारकोपला माझी कॉफीची फ्रँचायझी आहे. दाराबाहेर मी एक बाकडं ठेवलं होतं. सोसायटीतले तीन आजोबा रोज सकाळी तिथे बसून माझ्याशी गप्पा मारायचे. बायको गेल्यापासून माझं तेवढंच बोलणं व्हायचं.

कंपनीकडून दुकानाची तपासणी करायला एक मुलगी आली. म्हणाली, “काका, दर्शनी भाग सगळ्या दुकानांचा सारखाच लागतो. आतला एक कोपरा मात्र तुमच्या मर्जीचा. बाकडं तिथे ठेवा ना.”

मी ठेवलं. तपासणीत पूर्ण गुण मिळाले, पण आजोबा आत येईनात.

“एसीत बसायचं म्हणजे काहीतरी घ्यावं लागणार,” एकजण म्हणाले.

“अहो, काही घेऊ नका, नुसते या.”

ते हसले आणि समोरच्या बागेच्या कट्ट्यावर जाऊन बसले. काउंटर सोडून मला तिकडे जाता येत नाही.