डावीकडची कड

कड कापताना माझा हात थरथरत नाही, हे मी अकोल्यातल्या निम्म्या गिऱ्हाइकांना ऐकवलं असेल. थरथरला असता तर बरं झालं असतं.

तेल्हाऱ्याचा एक शेतकरी फ्रेम घेऊन स्टुडिओत आला. आत त्याच्या थोरल्या बहिणीचा तान्हेपणीचा फोटो, तिला उंच स्टुलावर बसवलेलं. काचेला तडा. फोटो काचेला चिकटलेला, कडा आत वळलेल्या. बाहेर काढला तर फाटणार, म्हणून काचेवरूनच कॅमेऱ्यानं टिपला. समोरून चमक येत होती, तेव्हा कॅमेरा जरा तिरपा धरला. मूळ फोटोची लांबी-रुंदी पट्टीनं मोजून घेतली आणि फ्रेम त्याला परत दिली.

तिरपं काढलेलं चित्र एका बाजूला निमुळतं होतं. कॉम्प्युटरवर चार कोपऱ्यांवर चार खुणा ठेवून ओढलं की ते चौकोनी होतं. मापं घातली की चेहराही फुगत नाही. डावी कड मात्र वळल्यामुळं वेडीवाकडी. ती ओढून सरळ होईना. मी खुणा बोटभर आत घेतल्या. चित्रातली फ्रेम गेली, वळलेली कड गेली. खूश होऊन त्याच फाइलवर सेव्ह केलं, कॅमेऱ्याचं कार्ड पुसून लग्नाच्या कामाला लावलं.

फोटो त्याच्या फोनवर पाठवला. खाली माझी अक्कल : "आता जुन्याची काळजी सोडा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बहीणच आली. साठीची असेल. बसली नाही.

"भाऊ, माह्या मायचा हात कुठी गेला?"

"कोणता हात, मावशी?"

"मले मागून धरलं होतं न तिनं. डाव्या बाजूनं. मनगटापासून बोटं. तिचा दुसरा फोटोच नाही."

स्क्रीनवरच्या बाळाकडं मी पहिल्यांदा नीट पाहिलं. एवढंसं पोर स्टुलावर एकटं तोल धरून बसेल का, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं.

"मूळ फ्रेम आहे न घरी," मी म्हणालो. "परत काढतो. फुकट."

"माहा भाऊ घेऊन गेला सकायीच. फुटक्या काचेचा फोटो घरात ठेवत नाई आमी. नदीत सोडतो. तुमीच त लिहिलं, काळजी सोडा म्हणून."

मी फोन लावला. तो उचलेना. ती माझ्या हाताकडं पाहत होती. चौथ्यांदा त्यानं उचलला. मागं वारा घोंघावत होता.

"फ्रेम कुठी आहे?"

"पूर्णामायले देली. काहून?"

मी फोन ठेवला. तिला सांगितलं. ती खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसली.

"मोठा करून दे," शेवटी म्हणाली. "अन डावीकडं जागा सोड. हातभर."

"तिथं काय घालू, मावशी?"

"काहीच नको घालू."