आम्हाला माणसात आणलं, हे वाक्य

हे मी सहा वर्षं टाळलं. बायकोलाही सांगितलं नाही. निवृत्तीच्या दिवशी लोक माझ्याबद्दल चांगलं बोलले, तेव्हा तोंडाशी आलं होतं. गिळलं. आता त्र्याहत्तर पूर्ण झाली, गिळणं जमत नाही.

सुरुवात शाळेपासून करतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

जामनेर तालुक्यातल्या आमच्या शाळेत गावच्या एका मोठ्या शेतकऱ्याने गरीब पोरांना कपडे वाटले. मी चौथीत होतो. मास्तरांनी माझी निवड केली, कारण माझं पाठांतर चांगलं होतं. स्टेजवर सगळ्यांदेखत अंगातला फाटका सदरा काढायला लावला. उघड्या अंगाने मी उभा. मग नवीन सदरा चढवला. मग पाठ केलेलं वाक्य म्हणायचं होतं. "आमच्यासारख्या अडाणी, मागास घरातल्या मुलांना आपण माणसात आणलं." मी म्हणालो. एकही शब्द चुकलो नाही. बाप भिंतीशी हात जोडून उभा होता. टाळ्या झाल्या. बापानेही वाजवल्या.

घरी जाताना तो एवढंच म्हणाला, "चांगलं बोलला."

त्यानंतर तो सदरा मी रोज घातला. दुसरा नव्हता.

पुढे शिकलो, टायपिंग शिकलो, धुळ्यात एका खासगी नर्सिंग कॉलेजच्या ऑफिसात कारकून म्हणून लागलो. साठीनंतरही संस्थेने मला सोडलं नाही, कारण मला भाषणं लिहिता येत. पदवीदानाचं सगळं माझ्याकडे. पत्रिका, खुर्च्या, सत्काराचे नारळ, आणि विद्यार्थिनीचं स्वागताचं भाषण.

या भाषणाला लोक शोभेचं समजतात. ते तसं नसतं. चार मिनिटांत सगळं बसवायचं असतं. आधी अध्यक्ष, मग प्रमुख पाहुणे, मग संस्थेचे सचिव, मग प्राचार्य. एक नाव मागे-पुढे झालं की वर्षभर ऐकावं लागतं. मग शिक्षक, आणि शेवटी आईवडील. मुलगी आधी स्वतः लिहिते, वर्गशिक्षिका बघते, प्राचार्य सही करतात, मी टाइप करतो, सचिव शेवटची नजर टाकतात. समारंभाच्या दिवशी कागद माइकच्या स्टँडवर मी ठेवतो. मुलीने तोच वाचायचा.

आणि दरवर्षी आईवडिलांच्या आभाराच्या जागी मी एक वाक्य घालत असे. तेच. फक्त 'मुलांना'च्या ऐवजी 'मुलींना', 'आपण'च्या ऐवजी 'संस्थेने'. सचिवांना ते फार आवडायचं. शाळेतल्या त्या वाक्यावर मी उभं आयुष्य पोट भरलं, हे तेव्हा माझ्या ध्यानातही नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी भाषणासाठी अश्विनीची निवड झाली. चोपड्याकडची, सातपुड्याच्या पायथ्याची मुलगी. आई केळीच्या बागांत घड वाहायला जायची. बाप नव्हता. चार वर्षांत पोरीची हजेरी कधी कमी पडली नाही. पदवीनंतर संस्थेच्याच हॉस्पिटलात तिला नेमणूक मिळायची होती, पत्र तयार होतं. धुळ्यात खोली घेऊन आईला आणायची, असं तिनं मला सांगितलं होतं. मला ती नाना म्हणायची.

तिनं लिहिलेलं भाषण मी वाचलं तेव्हा थांबलोच. असं भाषण माझ्या टेबलावर आधी आलं नव्हतं.

शिक्षकांच्या आभारात तिनं कॉलेजच्या मॅडम तर घेतल्याच होत्या, पण वॉर्डातल्या सिस्टरही घेतल्या होत्या. त्यांना कोणी कधी घेत नाही, कारण त्या कॉलेजच्या पगारावर नसतात. तिनं लिहिलं होतं, "मेडिसिन वॉर्डाच्या सिस्टरांनी एका सकाळी माझ्याकडून एकच पलंग सात वेळा लावून घेतला. चादरीला सुरकुती राहिली तर झोपून असलेल्या माणसाच्या पाठीला जखम होते, हे मला पुस्तकानं नाही, त्या सात वेळांनी शिकवलं."

मग रुग्ण. सुई टोचायला मुली आधी रबरी हातावर शिकतात. मग मॅडम शेजारी उभ्या असताना खऱ्या माणसावर. जमलं की वहीत सही मिळते. सह्या भरल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. त्या वहीत मुलीचं नाव असतं, मॅडमची सही असते. ज्याच्या हातात सुई गेली त्याचे आभार मानायला वहीत जागा नसते. अश्विनीची पहिली सुई चुकली होती. शीर सापडेना. पलंगावरचे आबा, धुळ्याजवळच्या खेड्यातले, म्हणाले होते, "टोच वं बेटी. मना हात काय पयी जाई नही." माझा हात काही पळून जाणार नाही.

प्राचार्यबाईंनी तिला बजावलं, "पेशंटचं नाव घ्यायचं नाही, गाव नाही, आजार नाही. आणि हे बोल सांगायचे तर त्यांना विचारून ये." बाई बरोबर होत्या, तो नियमच आहे. अश्विनी बसने त्या खेड्यात गेली, विचारून आली. आबा म्हणाले होते, नाव घेतलं तरी चालेल. तरी तिनं नाव घेतलं नाही.

आणि आईसाठी दोन ओळी तिनं आमच्या बोलीत लिहिल्या होत्या. "मनी माय आठे बठेल शे. माय, हाई तुनं शे." माझी आई इथे बसली आहे. आई, हे तुझं आहे. एवढंच.

प्राचार्यबाईंनी सही केली. मी टाइप केलं. माझं वाक्य त्या वर्षी मी घातलं नाही. त्याला जागाच दिसली नाही.

समारंभाच्या आदल्या दुपारी सचिवांनी कागद बघितला.

"नाना, हे काय? पाहुणे मुंबईचे आहेत. त्यांच्यासमोर हे शे-फे?"

"आईसाठी आहे, साहेब."

"आईला घरी सांगू दे. आणि पेशंटचे आभार? आभार पेशंटनं आपले मानायचे असतात. ते तुमचं दरवर्षीचं वाक्य कुठंय? वय झालं का?"

मी म्हणालो, "घालतो."

मुलीला सांग, असं ते म्हणाले नाहीत. मीही सांगितलं नाही. नवा कागद टाइप केला. सिस्टर काढल्या. आबा काढले. आईच्या ओळी काढल्या. माझं वाक्य घातलं. प्राचार्यबाईंच्या सहीची जुनी प्रत खणात टाकली आणि दुसऱ्या दिवशी दहा वाजता नवा कागद स्टँडवर ठेवला.

पालकांना मागच्या सहा रांगा होत्या. अश्विनीची आई सगळ्यांत मागे, घडीच्या खुणा न गेलेल्या नव्या लुगड्यात. तिला तिथे मीच बसवलं होतं.

अश्विनी पांढऱ्या गणवेशात आली. नावं बिनचूक घेतली. शिक्षकांचे आभार. मग ती वाचत गेली, "आमच्यासारख्या अडाणी, मागास घरातल्या मुलींना संस्थेने..." आणि थांबली.

कागद तिनं उलटून बघितला. मागे काही नव्हतं. तिनं माझ्याकडे बघितलं. मी स्टेजच्या पायरीशी सत्काराच्या शाली घेऊन उभा होतो. मी शालींकडे बघितलं.

तिनं कागद घडी करून खाली ठेवला.

"हे वाक्य माझं नाही," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "माझी आई केळीचे घड वाहते. ती अडाणी असेल. पण आम्ही माणसातच होतो."

मग तिनं सगळं तोंडपाठ म्हटलं. सात वेळा लावलेला पलंग. नाव न घेता आबांचा हात. शेवटी मागच्या रांगेकडे बघून, "मनी माय आठे बठेल शे. माय, हाई तुनं शे." पालकांच्या रांगांत कोणी टाळी वाजवली नाही. बायका रडत होत्या. अश्विनीची आई उठून उभी राहिली आणि पुन्हा बसावं की नाही हे तिला कळेना.

माझ्या अंगातला सदरा कोणीतरी काढतंय असं मला वाटलं.

नंतर ऑफिसात सचिव, प्राचार्यबाई, अश्विनी, तिची आई आणि मी.

"मंजूर कागद सोडून बोललीस," सचिव म्हणाले. "पाहुण्यांसमोर संस्थेची अब्रू काढलीस."

"सर, मंजूर झालेलं मी म्हटलं. स्टँडवरचा कागद दुसराच होता."

सचिव माझ्याकडे वळले. "नाना, कागद बदलला होता का?"

त्यांना माहीत होतं. त्यांनीच बदलायला लावला होता. मी काय बोलतो एवढंच त्यांना बघायचं होतं.

तिची आई मला म्हणाली, "तुम्हीच सांगा, नाना. पोर खोटं बोलत नही."

खण माझ्या हाताशी होता. सहीची प्रत त्यात होती. उघडायला क्षण लागला असता.

मी म्हणालो, "नाही साहेब. हाच मंजूर कागद. तिनं ऐनवेळी बदललं."

प्राचार्यबाई खिडकीकडे बघत राहिल्या. त्यांनी काय वाचून सही केली होती ते त्यांना ठाऊक होतं. त्यांचं त्या बघतील. मी माझं लिहितोय. नेमणुकीचं पत्र त्या दिवशी निघालं नाही, नंतरही नाही.  अश्विनी आईचा हात धरून निघाली. दाराशी आई वळली आणि सवयीने मला नमस्कार केला.

पुढची दोन वर्षंही ते वाक्य मीच टाइप केलं. मग निवृत्त झालो, खणातली ती प्रत घरी घेऊन आलो. यंदा कॉलेजातून फोन आला, नाना, भाषणाचा मसुदा तुम्हीच द्या, नव्या मुलांना जमत नाही. मी म्हणालो, "ते वाक्य मी लिहिणार नाही. दुसऱ्याकडूनही लिहून घेऊ नका." पलीकडचा हसला. त्याला वाटलं म्हाताऱ्याची थट्टा आहे. दुसऱ्या दिवशी मी खणातली प्रत, सोबत सहीनिशी जबाब, कॉलेजला आणि सगळ्या विश्वस्तांना रजिस्टर पोस्टाने पाठवला. कागद मी बदलला. खोटं मी बोललो. बदलायला सांगणारे कोण, तेही नावासकट लिहिलं. उत्तर आलेलं नाही. नाही आलं तर पुन्हा पाठवीन. दर महिन्याला पाठवीन.

मग चोपड्याकडे गेलो. अश्विनी घरी नव्हती. आता डोंगरातल्या एका सरकारी उपकेंद्रात असते. तिच्या आईने ओळखलं, खाट टाकली, चहा दिला.  स्वतःच फोन लावून माझ्या हातात दिला. "बोला. नाना शेत म्हणून सांगेल शे." नाना आहेत असं तिनं पोरीला आधीच सांगितलं होतं.

"बोला, नाना," अश्विनी म्हणाली.

मागे लहान मूल रडत होतं. मी म्हणालो, "बरी आहेस ना?"

"बरी आहे. लस देतेय. काही काम होतं का?"

"नाही. सहज."

"बरं," ती म्हणाली. थोडं थांबली. मी बोलेन असं तिला वाटलं असावं. मग फोन ठेवला.

आईने पुन्हा चहाचं विचारलं. मी बसस्टँडवर आलो.

जबाब लिहिणं जमलं, कारण कागदावर लिहिणं हीच माझी आयुष्यभराची नोकरी. कागदावरची माफी तिला द्यायची नाही, हे मी ठरवलंय. एका कागदानेच तिची नेमणूक गेली. पुन्हा जाईन, उपकेंद्रापर्यंत जाईन, पेशंट संपेपर्यंत बाहेर बसेन. म्हणायचं आहे ते फार नाही. अश्विनी, कागद मी बदलला होता, आणि तुझ्या आईने विचारलं तेव्हा खण माझ्या हाताशी होता.