ताईंचा लाल चौकोन

सॉफ्टवेअर टीमच्या लीड ताई शिस्तीच्या पक्क्या. पण आपण कुणाला आवडत नाही, ही बोच मनात होतीच. ग्रुपवर रोज अख्ख्या स्क्रीनचे स्क्रीनशॉट येत आणि खाली एवढंच, ‘चालत नाहीये’. वैतागून ताईंनी नियम टाकला: ‘हवा तेवढाच भाग कापून पाठवा, खाजगी ते झाका. चुकीभोवती लाल चौकोन काढा. काय अपेक्षित होतं, काय झालं ते लिहा आणि नेमका प्रश्न विचारा.’

सोबत नमुना जोडला, तोच नेमका न कापलेला! वरच्या टॅबवर ठळक दिसत होतं: ‘टीमला आवडण्यासाठी काय करावं?’

लगेच टीममधल्या, चुका शोधणाऱ्या टेस्टरबाईंचं उत्तर आलं. त्या टॅबभोवती लाल चौकोन आणि खाली: ‘अपेक्षित: ताईंना ठाऊक असेल. झालं: इंटरनेटला विचारत बसल्या. अहो, आवडता तुम्ही! प्रश्न: चहा कधी पाजताय?’

लाजून लाल झालेल्या ताईंनी लिहिलं, ‘आत्ता. पण चौकोन वाकडा आलाय.’